सरांकडे नेमकं काय मागायचं?

हर्सूलच्या पुढे गुजरातच्या हद्दीकडे जाताना जे पाडे लागतात, तिथल्या मुलांना रेंजच्या जागा पाठ असतात. शाळेमागचा उतार, एका घराच्या ओट्याचा डावा कोपरा, टेकडीवरचं मोहाचं झाड. तिथे उभं राहिलं की फोन लागतो, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो. पण भिंगांवरचं पस्तीस मिनिटांचं लेक्चर मोहाच्या झाडाखाली उभं राहून कोण बघणार? आणि बघायला घेतलं तरी दर दोन मिनिटांनी ते गोल गोल फिरत बसतं.

या पाड्यांपैकी एकावर एक पदवीधर तरुण संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. मुलं त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही म्हणते, वयानं तो माझ्या मुलाएवढा असला तरी. मी नाशिकला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, आता निवृत्त आहे, आणि जमेल तशी तिकडे जाते. दिवाळीच्या आगेमागे तिथली बरीच कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. दहावीची मुलंही त्यांच्याबरोबर जातात. ती परत येतात तोवर वर्गात दोन-तीन धडे होऊन गेलेले असतात, आणि ते पुन्हा शिकवायला शाळेला सवड नसते. या मुलांसाठी दादाला एका सरांची लेक्चर हवी होती. सर एका शाळेत विज्ञान शिकवतात आणि संध्याकाळी घरी फळ्यासमोर फोन लावून तोच अभ्यासक्रम यूट्यूबवर टाकतात. मराठी माध्यमाचं, पाठ्यपुस्तकाच्या क्रमानं चालणारं, आणि मुख्य म्हणजे घाई न करणारं शिकवणं.

दादाचा बेत सोपा होता. नाशिकला यायचं, माझ्या घरच्या वायफायवर सगळं डाऊनलोड करायचं, पेनड्राइव्हवर घालून न्यायचं. मी म्हटलं, आधी सरांना विचारू या. तो म्हणाला, "ताई, यूट्यूबवर तर सगळं फुकटच आहे. विचारलं आणि नाही म्हणाले तर?"

हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकलाय. ग्रंथालयातलं पुस्तक वाचायला फुकट असतं, म्हणून त्याच्या अख्ख्या झेरॉक्स काढून वाटता येत नाहीत. फुकट बघायला मिळणं आणि प्रत काढून वाटायला मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी ज्यानं ते निर्माण केलं त्याच्या हातात असते. दादाला हे पटलं, पण एक फट त्यानंही बरोबर शोधली. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेल्या प्रतीला सूट आहे ना? आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपीच्या दुकानावर प्रकाशकांनी खटला भरला होता, त्यात २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं ही सूट बरीच ऐसपैस धरली. पण तिथे विद्यापीठ होतं, नेमलेला अभ्यासक्रम होता, पुस्तकांतले निवडक भाग होते. इथे एक नोंदणी नसलेली अभ्यासिका आणि एका माणसाची सगळीच्या सगळी लेक्चर. वकील कदाचित वाद घालू शकेल. पण ज्या माणसाला एक पत्र लिहून विचारता येतं, त्याच्या कामावर अशी सूट शोधत कशाला बसायचं, असं माझं सरळ मत पडलं.

पत्राचा पहिला मसुदा दादानं केला: "सर, तुमचे व्हिडिओ डाऊनलोड करण्याची परवानगी द्यावी." नम्र होता, छोटा होता, आणि सरांना जे देता येत नाही नेमकं तेच मागत होता.

यूट्यूबच्या अटींमध्ये असं आहे की, त्यांच्या सेवेनं स्वतः दिलेल्या सोयीखेरीज व्हिडिओ उतरवून घ्यायचा असेल, तर यूट्यूबची लेखी परवानगी हवी आणि जिथे लागू असेल तिथे हक्कधारकाचीही हवी. यातला ‘आणि’ महत्त्वाचा. सर त्यांच्या हक्कापुरतं ‘हो’ म्हणतील. यूट्यूबच्या वतीनं ते काय बोलणार? म्हणजे सरांची परवानगी खिशात ठेवून आपण कुठल्यातरी डाऊनलोडर साइटवरून व्हिडिओ उतरवले, तरी अर्धं काम बिनपरवान्याचंच. शिवाय त्या साइटींवर हिरव्या बटणांच्या गर्दीत खरं बटण कोणतं आणि काय क्लिक केल्यावर कॉम्प्युटरमध्ये काय येऊन बसेल, हा भाग निराळाच.

यूट्यूबच्या अ‍ॅपमधलं डाऊनलोडचं बटण अधिकृत आहे, पण आमच्या कामाचं नाही. तो व्हिडिओ त्याच फोनच्या त्याच अ‍ॅपमध्ये राहतो, पेनड्राइव्हवर घेता येत नाही. पैसे न भरता घेतला, तर साधारण ४८ तासांनी फोनला पुन्हा नेट दाखवावं लागतं. म्हणजे परत मोहाचं झाड.

मग उपाय काय, तर डाऊनलोड हा शब्दच सोडून द्यायचा. व्हिडिओ मुळात सरांचे आहेत, तेव्हा फाइल सरांकडूनच घ्यायच्या. त्यांच्या फोनमध्ये किंवा हार्ड डिस्कवर मूळ चित्रण असेल तर उत्तम. नसेल, तर चॅनेलच्या मालकाला यूट्यूब स्टुडिओमधून आपला व्हिडिओ एमपीफोर फाइल म्हणून परत घेता येतो; तो ७२० किंवा ३६० पिक्सेलचा मिळतो आणि एकेक करून घ्यावा लागतो. सगळे एकदम हवे असतील तर गूगलची टेकआउट सेवा आहे. तिथे सरांनी आपल्या खात्यातून मागणी नोंदवायची, मग फाइलींचे गठ्ठे तयार होऊन दुवा येतो. तो दुवा साधारण आठवडाभर चालतो. हे सगळं सरांना त्यांच्या हक्कात, यूट्यूबच्या नियमात राहून करता येतं. आपण मागायचं ते एवढंच: फाइल द्या, आणि त्यांच्या प्रती काढून दाखवायला लेखी परवानगी द्या.

शेवटी जे पत्र गेलं ते असं.

"आदरणीय सर, सादर नमस्कार.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हर्सूलच्या पुढच्या एका पाड्यावर गावातला एक पदवीधर तरुण संध्याकाळची अभ्यासिका चालवतो, तिथे मी मदत करते. कोणाकडूनही फी घेतली जात नाही. यंदा दहावीची २३ मुलं-मुली येतात. पाड्यावर व्हिडिओ चालण्याइतकं नेट नाही.

आपल्या चॅनेलवरची ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ या विषयाची ३८ लेक्चर या मुलांना दाखवावीत अशी इच्छा आहे. यादी सोबत जोडली आहे. ती आम्ही यूट्यूबवरून परस्पर उतरवून घेतलेली नाहीत. आपण फाइल दिल्यात तरच वापरू. आपल्याकडे मूळ फाइल नसतील, तर takeout.google.com वरून त्या कशा मिळतात ते एका पानावर लिहून जोडलं आहे. रिकामी हार्ड डिस्क घेऊन आपल्या सोयीच्या वेळी आम्हीच येऊ. आपल्या खात्याचा पासवर्ड आम्हाला नको. कोणी मागितला तरी देऊ नये.

परवानगी पुढील गोष्टींपुरती मागते. या फाइल आकारानं लहान करून तीन पेनड्राइव्हवर ठेवणे, अभ्यासिकेतल्या टीव्हीवर दाखवणे, आणि मुलांना घरी पाहण्यासाठी आपापल्या फोनवर घेऊ देणे. फोनवर गेलेली फाइल पुढे कुठे जाईल यावर माझा ताबा राहणार नाही, हे आधीच सांगते. मुलांना आम्ही बजावू, पण हमी देता येणार नाही. आपल्याला हे मान्य नसेल तर फक्त टीव्हीवर दाखवण्याची परवानगी दिलीत तरी चालेल.

व्हिडिओत काहीही कापणार नाही. आपलं नाव आणि चॅनेलचं नाव सुरुवातीला जसं आहे तसंच राहील. कुठेही पुन्हा अपलोड करणार नाही, विकणार नाही, इतर संस्थेला देणार नाही. मुदत येत्या ३१ मेपर्यंत. पुढे हवं असेल तर पुन्हा विचारू. मधेच आपण थांबा म्हणालात, तर पेनड्राइव्ह आणि लॅपटॉपवरच्या प्रती आठ दिवसांत पुसून तसं कळवू.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यातल्या कुठल्या लेक्चरमध्ये दुसऱ्यांची चित्रं, अ‍ॅनिमेशन किंवा संगीत आहे का? असल्यास ती आम्ही यादीतून काढू. आणि प्रकाशित झाल्यानंतर आपण कुठल्या लेक्चरमध्ये दुरुस्ती केली आहे का?

आमच्याकडे पाहिलं गेलेलं आपल्या चॅनेलवर मोजलं जाणार नाही, याची कल्पना आहे. कोणतं लेक्चर किती मुलांनी पाहिलं आणि त्यांनी काय विचारलं, हे दर महिन्याला लिहून पाठवू.

हे मान्य असल्यास याच ईमेलला ‘वरील अटींवर परवानगी आहे’ असं उत्तर पुरेल. काही बदल हवा असल्यास तो लिहावा. नकार असेल तरी निःसंकोच कळवावं.

आपली विश्वासू"

दादाचं म्हणणं पडलं की पत्र लांब झालं, सर वाचणारच नाहीत. मला तसं वाटलं नाही. शिक्षक माणूस उत्तरपत्रिका वाचतो. हे काय त्याहून कंटाळवाणं आहे? पण ते का लांब झालं हे सांगायला हवं.

मुदत आणि जागा लिहिण्याचं कारण कायद्यात आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ३० प्रमाणे असा परवाना लेखी असावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यावर सहीची सक्ती राहिली नाही, त्यामुळे ईमेल चालतं. पण परवान्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर सगळा भारत धरला जातो. म्हणजे सरांनी फोनवर अंगठा दाखवला आणि आपण तो लेखी ‘हो’ म्हणून जपून ठेवला, तर त्या एका अंगठ्याचा अर्थ किती मोठा लावता येईल बघा. देणाऱ्याला आपण काय देतोय ते दिसलं पाहिजे, नाहीतर शहाणा माणूस नाही म्हणून मोकळा होतो, आणि भोळा हो म्हणून नंतर पस्तावतो.

एक वाक्य मी मुद्दाम लिहिलं नाही: "यात आपलं काहीच नुकसान नाही." दादाच्या मसुद्यात ते होतं. खरंही आहे एका अर्थी, कारण ही मुलं एरवी चॅनेलवर पोचणारच नव्हती. पण सरांचं नुकसान होतं की नाही, हे आपण ठरवायचं नाही. चॅनेलला जाहिरातींचे पैसे मिळायला लागण्यासाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं लागतं, आणि पेनड्राइव्हवरचा एकही तास त्यात धरला जात नाही. त्यांनी ते तास एकेक करून जमवलेले असतात. तेव्हा ‘मोजलं जाणार नाही याची कल्पना आहे’ एवढंच लिहिणं बरं.

सगळ्यांना मोकळीक देण्याचा एक मार्ग यूट्यूबवरच आहे. व्हिडिओच्या तपशिलात परवान्याच्या जागी क्रिएटिव्ह कॉमन्स निवडता येतं. पण त्याचा अर्थ असा की नाव देऊन कोणीही तो व्हिडिओ वापरू शकतो, कापू शकतो, आपल्या पैशाच्या क्लासातही लावू शकतो. तेवीस मुलांसाठी सरांना ते करायला सांगणं मला आगाऊपणाचं वाटलं, म्हणून पत्रात त्याचा उल्लेखच केला नाही.

उत्तर आलं ते तीन बदलांसह. फोनवर द्यायला हरकत नाही, उलट द्याच, असं सरांनी लिहिलं. हे मला अनपेक्षित होतं. दुसरं, अवकाश मोहिमांवरची दोन लेक्चर त्यांनी यादीतून काढली. त्यात रॉकेटच्या उड्डाणाचं अ‍ॅनिमेशन दुसऱ्याचं होतं आणि मागे एक चित्रपटाची धून होती. चॅनेलवर ती धून यूट्यूबच्या व्यवस्थेत खपून गेली होती. सरांना तिची परवानगी आम्हाला देता येत नव्हती, कारण ती त्यांची नव्हतीच. ३८ ची ३६ झाली. तिसरा बदल असा की, मुलांचे प्रश्न मुलांच्याच अक्षरात हवेत, आम्ही नीटनेटके करून पाठवायचे नाहीत.

टेकआउटबद्दल एक इशारा पत्रासोबतच्या पानावर लिहिला होता, तो कामी आला. तिथे आधी सगळ्याच गूगल सेवांवर खूण असते. ती काढून फक्त यूट्यूब, आणि त्यातही फक्त व्हिडिओ ठेवायचे. नाहीतर पाहिल्याचा इतिहास, कॉमेंट, सगळं गठ्ठ्यात येतं. व्हिडिओंमध्येही खासगी ठेवलेले येतात. सरांच्या गठ्ठ्यात घरच्या समारंभाचं चित्रण होतं. म्हणून गठ्ठा आम्ही उघडायचा नाही, सरांनीच यादीप्रमाणे ३६ फाइल वेगळ्या करून द्यायच्या, असं ठरलं.

फाइल आल्या त्या मोठ्या होत्या. एकेक लेक्चर पाव जीबीच्या वर. छत्तीसांचे नऊ-दहा जीबी होतात, आणि मुलांच्या फोनमध्ये एवढी जागा नसते. फळ्यावरच्या लेक्चरमध्ये चित्र फारसं हलत नाही, त्यामुळे ते बरंच दाबता येतं. दादानं एफएफएमपेग नावाच्या मोफत प्रोग्रामनं हे केलं:

```
ffmpeg -i 07-03.mp4 -vf scale=-2:480 -r 15 -c:v libx264 -crf 28 -pix_fmt yuv420p -c:a aac -ac 1 -b:a 48k 07-03-s.mp4
```

यानं चित्राची उंची ४८० पिक्सेल होते, सेकंदाला पंधरा चित्रं राहतात, आवाज एकेरी होतो. पस्तीस मिनिटांचं लेक्चर ऐंशी एमबीच्या आसपास आलं. सगळे मिळून तीन जीबीच्या घरात. आधी त्यानं ३६० वर आणून पाहिलं होतं, त्यात आणखी जागा वाचत होती. पण धातुविज्ञानाच्या लेक्चरमध्ये Al₂O₃ मधला खालचा २ आणि ३ यांचे नुसते खडूचे ठिपके झाले. फाइल दाबली की फळ्यावरचं सगळ्यात बारीक अक्षर शोधायचं, तिथे व्हिडिओ थांबवायचा आणि खोलीच्या मागच्या भिंतीपाशी बसून ते वाचता येतं का बघायचं. चेहरा स्पष्ट दिसतो म्हणून समाधान मानायचं नाही. रसायनशास्त्र चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

अभ्यासिकेचा टीव्ही कोणीतरी दिलेला जुना आहे. तो फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्हच ओळखतो, आणि देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवतो. म्हणून फाइलींना धड्याचा आणि भागाचा आकडा दिला, आणि धड्यांची नावं कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवली. तिन्ही पेनड्राइव्हना नंबर घातले आणि कोणता कोणाकडे आहे त्याची वही केली. जुनी सवय. पण ‘प्रती पुसून कळवू’ असं लिहून दिलंय, तर प्रती कुठे आहेत हे माहीत नको?

दुरुस्त्यांचा प्रश्न मी पत्रात विचारला होता, त्याचं मोल पुढे कळलं. यूट्यूबवर एकदा टाकलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच पत्त्यावर नवी फाइल ठेवता येत नाही. त्यामुळे शिक्षक चूक सुधारतात ती खाली वर्णनात किंवा वरती टाचलेल्या कॉमेंटमध्ये. पेनड्राइव्हवर चूक येते, कॉमेंट येत नाही. भिंगांच्या तिसऱ्या लेक्चरमध्ये एक उदाहरण आहे: बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू भिंगापासून ६० सेंमीवर. चिन्हसंकेताप्रमाणे वस्तूचं अंतर उणे ६०. सूत्रात घातलं की प्रतिमा ३० सेंमीवर येते. विशालन म्हणजे प्रतिमेचं अंतर भागिले वस्तूचं अंतर, ३० भागिले उणे ६०, म्हणजे उणे अर्धा. सरांनी तोंडानं "प्रतिमा वास्तव आणि उलटी" बरोबर सांगितलं, पण फळ्यावर उणे चिन्ह राहून गेलं. चॅनेलवर कोणीतरी ते लगेच दाखवलं होतं आणि सरांनी टाचलेल्या कॉमेंटमध्ये दुरुस्ती लिहिली होती. सरांनी आम्हाला अशा चार दुरुस्त्या कळवल्या. व्हिडिओ कापायचा नाही असा शब्द दिलेला, म्हणून त्या वेगळ्या कागदावर छापून यादीशेजारीच लावल्या: लेक्चर, कितवं मिनिट, फळ्यावर काय आहे, काय हवं.

द्राक्षांच्या कामावरून परतलेल्या एका मुलीनं तो कागद न बघताच लेक्चर पाहिलं आणि वहीत विचारलं, "सर उलटी म्हणतात, मग उत्तर अधिक कसं?" तिच्या अक्षरातला तो प्रश्न पहिल्याच महिन्याच्या पाकिटात गेला. त्याच पाकिटातून पाचवी चूक निघाली, ती चॅनेलवर कोणाच्याच लक्षात आली नव्हती. विद्युतधारेच्या धड्यात एका उदाहरणात किलोवॅट-तास काढताना मिनिटांचे तास करायचे राहिले होते. सरांनी दुरुस्ती आधी आम्हाला लिहून पाठवली, मग चॅनेलवर टाकली.

आता दादाला गणित हवंय. ज्या मॅडमची लेक्चर त्याला आवडतात, त्या एका खासगी क्लासमध्ये नोकरीला आहेत. व्हिडिओ क्लासच्या स्टुडिओत होतात आणि क्लासच्या चॅनेलवर जातात. नोकरीच्या कामात तयार झालेल्या गोष्टीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. मॅडम मनानं हो म्हणतील, पण ते ‘हो’ त्यांचं नसेल, आणि उगाच त्या अडचणीत येतील. सरांचं पत्र समोर ठेवून दादानं नाव बदलून नवा मसुदा केला होता. तो मी परत दिलाय. नवं पत्र क्लासच्या संचालकांच्या नावे लिहायचं, मॅडमना फोन करून आधी सांगायचं, आणि तेवीस मुलांपैकी किती जणांना भूमिती हवी आणि किती जणांना बीजगणित, ते आधी मोजून आणायचं.